मीटिंग संपली, हे फोनला कोण सांगणार?

फोन सायलेंट करायला अक्कल लागत नाही. बाजूचं बटण दाबलं की झालं. खरी परीक्षा असते ती मीटिंग संपल्यावर त्याला पुन्हा बोलतं करण्याची, आणि या परीक्षेत आमच्या ऐरोलीच्या ऑफिसातली निम्मी मंडळी रोज नापास होतात. आत शिरताना सगळ्यांना आठवतं, कारण समोर सर बसलेले असतात. बाहेर पडताना फक्त चहा आठवतो. मग संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत कुणीतरी फोन उघडतं, "अरे देवा, घरून एवढे मिस्ड कॉल!" म्हणतं आणि दिघागाव जाईपर्यंत घरी काय सांगायचं याची मनातल्या मनात तालीम करतं.

आमच्या घरात तर मिस्ड कॉलला माफी नाही. सासूबाई वर्तकनगरला घरी असतात आणि त्यांचे प्रश्न तातडीचेच असतात. भिजवलेल्या साबुदाण्याचं काय करू, नळवाला आलाय त्याला कुठला नळ दाखवू, वगैरे. फोन उचलला नाही की संध्याकाळी त्या मला काही बोलत नाहीत. भाजीला बोलतात. "काय गं, तुलासुद्धा आज वेळ नव्हता का शिजायला?"

म्हणून हे काम मी फोनवरच सोपवलं. मॅक्रोड्रॉइड नावाचं ॲप आहे, फुकटातल्या आवृत्तीत पाच नियम करता येतात. टास्कर याहून ताकदवान, पण ते शिकायला एक अख्खा रविवार जातो आणि माझे रविवार आधीच वाटून गेलेले असतात. मॅक्रोड्रॉइडमध्ये प्रत्येक नियमाचे तीन भाग. ट्रिगर म्हणजे काय घडल्यावर जागं व्हायचं, ॲक्शन म्हणजे उठून काय करायचं आणि कन्स्ट्रेंट म्हणजे कुठल्या अटीवर. माझा पहिला नियम साधा होता: कॅलेंडरमधली नोंद सुरू झाली की 'डू नॉट डिस्टर्ब' चालू. दुसरा त्याचा जुळा भाऊ: नोंद संपली की 'डू नॉट डिस्टर्ब' बंद.

नुसतं व्हायब्रेटवर का नाही ठेवलं, असं नवऱ्यानं विचारलं. त्यानं आमचं कॉन्फरन्स टेबल पाहिलेलं नाही. त्या सनमायकावर फोन व्हायब्रेट झाला की पिठाच्या गिरणीसारखा आवाज येतो आणि फोन हळूहळू सरांच्या बशीच्या दिशेनं सरकायला लागतो. सगळे त्याच्याकडे बघतात, ज्याचा फोन आहे तो सोडून.

तर दोन नियम झाले, पण हे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. सकाळी ११ ते ११:३० एक मीटिंग आणि तिला चिकटून ११:३० ते १२ दुसरी, हा आमच्याकडचा रोजचा प्रकार. ठीक साडेअकराला पहिली संपते म्हणून धाकटा भाऊ उठतो आणि त्याच क्षणी दुसरी सुरू होते म्हणून थोरलाही उठतो. आधी कोण पोहोचेल याचा भरवसा नाही. थोरला नंतर आला तर फोन गप्प राहतो आणि सगळं सुरळीत. धाकटा नंतर आला, की दुसरी मीटिंग सुरू होता होता फोनला कंठ फुटतो आणि सासूबाईंचा नळवाला थेट कॉन्फरन्स रूममध्ये येतो. मोठ्या मीटिंगच्या पोटात छोटी असली तरी तीच गत. पाऊण वाजता छोटी संपते आणि मोठी चालू असताना आवाज परत येतो.

यावर उतारा असा, की संपवणाऱ्या नियमाला घाई करू द्यायची नाही. नोंद संपली की आधी एक मिनिट थांब, मग कॅलेंडर पुन्हा बघ आणि दुसरी कुठलीही मीटिंग चालू नसेल तरच आवाज सोड. ते एक मिनिट महत्त्वाचं, कारण नेमक्या साडेअकराच्या ठोक्याला जुनी गेली की नाही आणि नवी आली की नाही, याबद्दल फोनही जरा गोंधळलेला असतो.

याहून मजेशीर भानगड 'पूर्वीसारखं कर' या सोज्वळ इच्छेतून निघते. ऑफिसातल्या एका शेजारणीनं हौसेनं नियमात घातलं होतं, की गप्प करण्याआधी आवाजाची पातळी लिहून ठेव आणि नंतर तीच लाव. पहिल्या मीटिंगला फोननं पाच लिहिलं आणि शून्य केलं. त्या मीटिंगच्या पोटात दुसरी सुरू झाली तेव्हा पातळी शून्यच होती, म्हणून त्यानं इमानदारीत पाच खोडून शून्य लिहिलं. सगळं संपल्यावर त्यानं लिहिलेलं वाचलं आणि तेच लावलं. शून्य. बाईंचा फोन दिवसभर मौनात. तिचं म्हणणं ॲप बिघडलंय. ॲप बिचारं सांगितलं तेच करत होतं.

म्हणून मी एक व्हेरिएबल, म्हणजे ॲपनं लक्षात ठेवायची एक पाटी, ठेवलं, नाव `mute_by_rule`. नियमानं फोन गप्प केला की त्यात 'हो'. आधीच 'हो' असेल तर पातळी पुन्हा लिहायची नाही. आवाज सोडताना आधी इथे बघायचं: 'हो' असेल तर सोड आणि 'नाही' कर, पण 'नाही' असेल तर हात लावू नकोस, कारण फोन माणसानं स्वतः गप्प केलाय. घरातसुद्धा अशी एक पाटी हवी होती. टीव्ही कुणी बंद केला आणि चालू करायचा हक्क कुणाला, हे तरी कळलं असतं.

यानंतर आमचे सर या कथेत खऱ्या अर्थानं प्रवेश करतात. सर मीटिंगा ठरवतात आणि रद्द करतात, दोन्ही सारख्याच उत्साहानं. त्यांनी रद्द केलं की मीटिंगच्या नावापुढे 'Canceled:' लागतं, पण आपण स्वतः काढून टाकेपर्यंत ती नोंद कॅलेंडरमध्ये तशीच पडून राहते. नियमाला एवढंच दिसतं, की तीन ते चार नोंद आहे. मग फोन त्या मेलेल्या मीटिंगसाठी तासभर श्रद्धांजलीचं मौन पाळतो आणि आपण जागेवर बसून 'आज फोन कसे आले नाहीत' म्हणत शेंगदाणे खात असतो. तेव्हा शीर्षकात 'Canceled' असेल तर काहीच करू नको, ही अट घातली. शिवाय नियमाला फक्त ऑफिसचं कॅलेंडर दाखवलं. नाहीतर त्याला सगळी कॅलेंडरं सारखीच, आणि 'माधुरीमावशी वाढदिवस' ही दिवसभराची नोंद आली की फोन चोवीस तास अदबीनं गप्प.

ऑफिसचं कॅलेंडर फोनला दिसणं हीसुद्धा गृहीत धरायची गोष्ट नाही. मेलच्या ॲपमध्ये मीटिंगा दिसतात म्हणजे त्या फोनच्या कॅलेंडरमध्ये उतरल्यात असं नसतं. त्यासाठी कॅलेंडर सिंक वेगळं चालू करावं लागतं, आणि ऑफिसनं वर्क प्रोफाइलची, म्हणजे फोनमध्ये ऑफिसच्या ॲप्सचा वेगळा कप्पा करणारी, भिंत घातली असेल तर पलीकडची मीटिंग अलीकडच्या ॲपला दिसतच नाही. आमच्याकडे ती भिंत नाही. (आयटीवाल्यांना हे सांगू नका.)

आता आत कुणाला सोडायचं? 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये तारांकित नंबरांना वाट देता येते, ते सोपं. सासूबाईंना मी तारा दिला. त्यांना हे सांगितल्यावर "म्हणजे बाकीच्यांचे उचलत नाहीस?" असा प्रश्न आला, आणि त्यात समाधान होतं की आरोप, ते मला अजून कळलेलं नाही. दुसरी वाट आहे पुन्हा फोन करणाऱ्यांची: एकाच माणसानं पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू द्यायचा. कल्पना भली आहे. अडचणीतला माणूस पुन्हा फोन करतो, असं तिच्यामागचं गणित. पण हे गणित मांडणाऱ्यानं कधी कुरिअरवाल्याची वाट पाहिलेली नसावी. "मॅडम, गेटवर उभा आहे" हे सांगायला तो पंधरा मिनिटांत चार वेळा फोन करतो, आणि कर्ज देऊ पाहणारी ती गोड आवाजाची मुलगी दोनदा. ही दुसरी वाट मी बंद केली आणि सोसायटीच्या वॉचमनला तारा दिला.

अधूनमधून नियम चालतच नाही. अशा वेळी आधी ॲपचा लॉग, म्हणजे कधी काय केलं ते लिहिलेली त्याची वही, उघडावा. अकरा वाजताची ओळ तिथे असेल तर नियम उठला होता आणि दोष अटींमध्ये आहे. ओळच नसेल तर एक तर मीटिंग फोनच्या कॅलेंडरात उतरलीच नव्हती, नाहीतर बॅटरी वाचवण्याच्या नादात फोननं ॲपलाच झोपवलं होतं. नोंद कॅलेंडरात दिसत असेल तर दुसरंच कारण. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन उठवायचं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ऑटोस्टार्टचीही वेगळी परवानगी असते, तीही द्यायची. नवऱ्याचा फोन या बाबतीत फार कर्तव्यदक्ष आहे. तो सगळ्यांना झोपवतो, नवऱ्यासकट.

एवढं सगळं बसल्यावर शनिवारी आम्ही गडकरी रंगायतनला साडेआठच्या नाटकाला गेलो. मोबाईल बंद ठेवण्याची सूचना झाली आणि अख्ख्या सभागृहाचे हात खिशात गेले. मी मात्र अडकले. हातानं गप्प करावा तर व्हेरिएबलमध्ये 'नाही', म्हणजे नियम त्याला नंतर हात लावणार नाही आणि फोन रविवार दुपारपर्यंत मुका. त्यापेक्षा कॅलेंडरमध्ये नोंद करावी म्हटलं, साडेआठ ते साडेअकरा. नियम फक्त ऑफिसचं कॅलेंडर बघतो, म्हणून ती तिथेच केली, नाव दिलं 'मीटिंग'. तिसरी घंटा होईपर्यंत मी अंधारात टाइप करत होते आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून असं काही पाहिलं, की वाजणारा फोन परवडला असता.

नाटकभर फोन गप्प राहिला. घरी जाताना रिक्षात बसलो तोवर बरोबर बोलताही झाला. नवऱ्यानं मान्य केलं, की बाई, हे जमलंय खरं.

सोमवारी सरांनी जागेवर येऊन विचारलं, "शनिवारी रात्री तीन तास मीटिंग? कुठल्या क्लायंटबरोबर? आणि मला का नाही बोलावलं?"