गाडी बघताना आई-बाबांना घेऊन जा, आणि बसवण्यापेक्षा उतरवून बघा

आज खरंच डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. नवीन गाडी बघायला आईला घेऊन गेलो होतो. सेल्समनने मागचं दार उघडलं, आई कशीबशी बसली, आणि लगेच "बघा काकू, किती आरामात बसलात!" म्हणून तो सनरूफ दाखवायला लागला. खरा प्रकार उतरताना झाला. आईचे पाय जमिनीला टेकले पण तिला उठताच येईना. दोनदा जोर लावला आणि परत सीटवर बसली. मग त्याने तिचा दंड धरून तिला ओढलं. ओढलं! ज्या खांद्याचं दुखणं ती वर्षानुवर्षं काढतेय तोच खांदा. आईचा चेहरा असा उतरला की मला तिथे काही बोलताही आलं नाही.

घरी आल्यावर शांतपणे विचार केला की नक्की अडलं कुठे, कारण सीट काही फार खाली नव्हतं. अडलं होतं ते दाराखालच्या उंबऱ्यामुळे. खुर्चीतून उठताना आपण काय करतो? पाय मागे, गुडघ्यांच्या खाली घेतो, पुढे झुकतो आणि उठतो. त्या गाडीचा उंबरा इतका रुंद आणि बाहेर आलेला होता की पाय मागे जायला जागाच नव्हती. पाय लांब पुढे आणि शरीर मागे राहिलं तर धडधाकट माणसालाही हाताने जोर लावावा लागतो, मग गुडघे गेलेल्या माणसाने काय करायचं? त्यामुळे सीटची बाहेरची कड उंबऱ्यापासून किती आत आहे ते आधी बघा. जेवढी आत, तेवढा त्रास.

उंचीचंही सांगते, कारण सगळे म्हणतात "वयस्कर माणसं आहेत ना, मग उंच गाडी घ्या." आमचा दादा तर हटूनच बसलाय. अरे पण ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे सीटची उंची नाही! जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत टेप लावा, तेही कुणालातरी बसवून, कारण गादी दबते. आईच्या गुडघ्यामागची घडी जमिनीपासून ४२ सेंटीमीटरवर येते. एका बुटक्या सेडानचं सीट दबल्यावर ४७ भरलं, त्यात ती अक्षरशः पडल्यासारखी बसली. दादाच्या लाडक्या उंच गाडीचं ७६, तिथे पाय लटकले आणि चढायला फूटबोर्ड लागला. आता फूटबोर्ड म्हणजे अरुंद पट्टीवर एका पायावर सगळं वजन, दुखरा गुडघा वाकवून, आणि उतरताना ती पट्टी दिसतच नाही. ६० च्या आसपास जी गाडी होती तिथे तिने नुसती पाठ फिरवली, टेकली आणि मग पाय आत घेतले. एवढंच हवं असतं हो!

हे "आधी टेकायचं, मग पाय आत" पण सगळ्या दारांत जमत नाही. मागच्या दाराचा खालचा भाग चाकाच्या कमानीमुळे कापलेला असतो, त्यामुळे वर दार मोठं दिसतं आणि खाली पाऊल फिरवायला जागा उरत नाही. मधला खांब आणि सीट यांच्यामध्ये बूट घातलेलं पाऊल आडवं जातंय का ते बघा. बाबांची चप्पल तिथेच अडकते दर वेळी, आणि मग ते वाकून हाताने पाय उचलतात. बघवत नाही मला ते. छप्पर मागे उतरतं असेल तर मान वाकवायची ती वेगळीच.

आणि शोरूममध्ये दार सताड उघडतात, पार्किंगमध्ये शेजारी गाडी असते. म्हणून दार पहिल्या खाचेवर ठेवून बसवून बघा. आधाराला उघडं दार धरू देऊ नका, ते हलतं.

बरं, मान्य आहे, गाडी चालवणार दादा, त्यालाही आवडायला हवी. आणि उंच गाडीतून रस्ता छान दिसतो, तेही खरं. पण आई आज घरी आल्यावर म्हणाली, "तुम्ही घ्या तुम्हाला हवी ती, मी काय, कुठे जातेय एवढी." हे ऐकल्यावर राग गेला आणि नुसतं वाईट वाटलं. अशीच माणसं हळूहळू बाहेर पडायची बंद होतात ना. पायात बळ असतं, पण दर वेळी कुणीतरी ओढून काढणार हे नको असतं.

आता आमचं जवळजवळ ठरलंय. आईला पुढेच बसवायचं, कारण पुढचं दार लांब असतं आणि सीट मागे सरकवून पाय फिरवायला जागा करता येते. फक्त एक नीट विचारून घ्या, सीट वर-खाली करायची सोय बऱ्याच गाड्यांत फक्त ड्रायव्हरच्या बाजूला असते. उरलेल्या दोन गाड्यांपैकी एकीत ती शेजारच्या सीटलाही आहे. ती घेतोय. दादाला मी सांगते.