बॅकअप आहे, पण कुणाच्या नावावर?

आईचा नवा फोन माझ्या भाच्याने 'सेट करून' दिला. तिच्या जुन्या जीमेल खात्याची १५ जीबी जागा सुप्रभातच्या गुलाबांनी काठोकाठ भरली होती, म्हणून पठ्ठ्याने तिच्या नावाने नवं कोरं खातं उघडलं, त्यावर व्हॉट्सॲप चढवलं आणि पोहे खाऊन निघून गेला. रात्री आई किंचाळली, "अगं, माझी सगळी माणसं गेली!"

माणसं जागच्या जागी होती. गेले होते ते चॅट. त्यात मावशीने बोलून पाठवलेलं गोडा मसाल्याचं प्रमाण होतं, म्हणजे प्रकरण गंभीर.

खरं तर तेही कुठे गेले नव्हते. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा ड्राइव्हमधला बॅकअप मोबाइल नंबर आणि गूगल खातं अशा दोघांना बांधलेला असतो. नंबर तोच असला तरी खातं नवं, म्हणजे एका बँकेतलं लॉकर दुसऱ्या बँकेत जाऊन मागण्यासारखं. तिथला माणूस नम्रपणे 'सापडलं नाही' म्हणणारच.

मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आईचं जुनं खातं पुन्हा जोडलं. पासवर्ड पंचांगाच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशोबाखाली मिळाला. (सायबर सुरक्षावाल्यांनी हे वाक्य वाचू नये.) मग ड्राइव्ह ॲपमधल्या Backups मध्ये पाहिलं, तर व्हॉट्सॲपचा जुना बॅकअप तारखेसकट सुखरूप बसलेला!

एवढ्यात भाच्याचा फोन. "आत्या, व्हॉट्सॲपमध्ये जुनं खातं निवड आणि आधी एक बॅकअप घेऊन ठेव. सेफ साइड!"

माझं बोट त्या हिरव्या बटणापर्यंत गेलंही होतं, पण मधेच थबकलं. कारण त्याच नंबराचा, त्याच खात्यावरचा नवा बॅकअप जुन्याच्या उरावर बसतो. आईच्या रिकाम्या चॅटचा बॅकअप घेतला असता, तर मसाला कायमचा गेला असता. आणि हा म्हणतो सेफ साइड!

करायचं होतं ते उलटंच. बॅकअपला हात न लावता व्हॉट्सॲप काढून टाकायचं, पुन्हा घालायचं, तोच नंबर द्यायचा आणि परत आणू का विचारल्यावर जुनं खातं दाखवून Restore दाबायचं. हा प्रश्न ॲप नव्याने सुरू करतानाच विचारतात. भाच्याने तेव्हा Skip दाबलं होतं, कारण पोहे गार होत होते.

चॅट आले. गुलाबांचे फोटो त्यानंतर रात्रभर उतरत राहिले. फक्त फोन बदलल्यापासून मधल्या काळात आलेले मेसेज मात्र पुसले गेले, कारण ते जुन्या बॅकअपात नव्हतेच. त्यातच काकूंच्या वास्तुशांतीचं आमंत्रण होतं. आता काकू आईशी बोलत नाहीत. आई म्हणते, "त्यांचं राहू दे, मसाला मिळाला ना!"