कॉपीराइट दिला, तरी लेखकाकडे काय उरते?

नवोदित अनुवादक आणि चित्रकार प्रकाशकांकडून आलेले करार वाचायला माझ्याकडे पाठवतात, तेव्हा त्यांच्याकडून बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळते: "सगळे हक्क त्यांनाच दिलेत, आता आपण काय बोलणार?" हा समज इतका पक्का बसला आहे की पुढे मुखपृष्ठावरून नाव गायब झाले किंवा मजकुरात न विचारता भर घातली गेली, तरी माणूस मुकाट्याने सोसतो. भारतातला कायदा मात्र असे म्हणत नाही. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ५७ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की कॉपीराइटपासून स्वतंत्रपणे, आणि तो पूर्णतः किंवा अंशतः दुसऱ्याच्या नावे करून दिल्यानंतरही, लेखकाकडे दोन हक्क राहतात. ही कृती माझी आहे असे सांगण्याचा हक्क हा पहिला. कृतीची मोडतोड, विकृती किंवा फेरफार झाल्याने आपल्या सन्मानाला वा लौकिकाला बाध येत असेल, तर ते थांबवण्याचा किंवा त्याबद्दल भरपाई मागण्याचा हक्क हा दुसरा. यांनाच आपण नैतिक हक्क म्हणतो. 'लेखक' या संज्ञेत इथे चित्रकार, शिल्पकार, संगीतकार, छायाचित्रकार हे सगळे येतात.

या कलमाचा खरा कस एका शिल्पकाराच्या दाव्यात लागला. अमरनाथ सहगल यांना केंद्र सरकारने दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी एक भित्तिशिल्प करण्याचे काम १९५७ मध्ये दिले. ग्रामीण आणि आधुनिक भारताचे दर्शन घडवणारे ब्राँझचे ते शिल्प सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच होते, आणि १९६२ मध्ये ते प्रवेशदालनाच्या भिंतीवर चढले. देशोदेशीचे पाहुणे जिथे येत, त्या इमारतीतले ते सर्वांत ठळक काम होते. पुढे १९७९ मध्ये सरकारने शिल्पकाराला कळवण्याचीही तसदी न घेता ते भिंतीवरून उतरवले आणि भांडारात नेऊन टाकले. उतरवताना आणि हलवताना त्याचे तुकडे झाले. सहगल यांनी सरकारदरबारी अर्ज-विनंत्या केल्या, त्यातून काही निष्पन्न झाले नाही, तेव्हा १९९२ मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

सरकारची बाजू वरवर पाहता भक्कम होती. शिल्प सरकारने पैसे मोजून करून घेतले होते. ज्या भिंतीवर ते होते ती भिंत सरकारची, ज्या धातूचे होते तो धातूही सरकारचा. त्यावर कळस म्हणजे करारानुसार शिल्पाचा कॉपीराइटसुद्धा सरकारकडे गेला होता. अशा स्थितीत आपलीच वस्तू आपण भिंतीवरून काढली, त्यात कोणाचे काय बिघडले, असा तो प्रश्न होता. न्यायालयापुढचा मुद्दाही नेमका हाच होता: कॉपीराइट सरकारकडे असताना कलम ५७ खालचे हक्क शिल्पकाराकडे राहतात का?

२१ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायमूर्ती प्रदीप नंद्राजोग यांनी ते राहतात, असा निकाल दिला. या निकालातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग कृतीच्या नाशाविषयीचा आहे. कलमात 'नाश' हा शब्द थेट कुठेच नाही, तिथे विकृती, मोडतोड आणि फेरफार यांचाच उल्लेख आहे. न्यायालयाने म्हटले की नाश ही मोडतोडीचीच टोकाची अवस्था आहे. कलावंताची ओळख त्याच्या एकूण निर्मितीतून घडते, आणि त्या निर्मितीतली एक मोठी कृती नाहीशी केली की त्या संचितालाच खोट येते, म्हणून त्याच्या लौकिकालाही ती हानी ठरते. सहगल यांनी ५० लाखांची भरपाई मागितली होती, न्यायालयाने ५ लाख दिले. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट अशी की शिल्पाचे जे अवशेष उरले होते ते त्यांना परत करण्याचा आदेश झाला आणि त्यावरचे सगळे हक्क यापुढे त्यांचेच राहतील, सरकार त्यावर कोणताही दावा सांगणार नाही, असे ठरले. म्हणजे नैतिक हक्काचा भंग एवढा गंभीर मानला गेला की करारातून गेलेले हक्कसुद्धा शिल्पकाराकडे परत आले.

हे का व्हावे, हा प्रश्न योग्य आहे. पैसे घेऊन जे विकले त्याबद्दल पुन्हा तक्रार कशी करता येते? माझे उत्तर असे आहे की करारात विकला जातो तो कृतीतून उत्पन्न मिळवण्याचा अधिकार: छापण्याचा, प्रती काढण्याचा, भाषांतर करून घेण्याचा, चित्रपट काढण्याचा. लेखक आणि कृती यांच्यातले कर्तृत्वाचे नाते मात्र विकता येण्याजोगे नसते, कारण ते घेणाऱ्याच्या काही कामाचे नसते. मी लिहिलेले पुस्तक दुसऱ्याने विकत घेतल्याने ते त्याने लिहिलेले होत नाही. जोवर त्या पुस्तकावर माझे नाव आहे, तोवर त्यातल्या प्रत्येक ओळीची बरी-वाईट जबाबदारी वाचक माझ्यावरच टाकतो. जी जबाबदारी माझ्याकडून सुटत नाही, तिच्यासोबतचा हक्कही सुटू नये, एवढेच या कलमाचे म्हणणे आहे. ही कल्पना आपल्याकडे एकाएकी उगवलेली नाही. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या १९२८ सालच्या रोम परिषदेत, आर्थिक हक्क दिल्यानंतरही लेखकाचे हे हक्क टिकतील असे कलम घातले गेले, आणि आपल्या कायद्यातली शब्दरचना त्याच्याशी जुळणारी आहे.

साहित्याच्या बाबतीत याचा कस मन्नू भंडारी यांच्या दाव्यात लागला होता. 'आपका बंटी' या त्यांच्या हिंदी कादंबरीवर चित्रपट काढण्याचे हक्क त्यांनी निर्मात्यांना दिले होते. चित्रपटात कथेचा आणि पात्रांचा आशय बिघडवला गेला, अशी त्यांची तक्रार होती. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सांगितले की हक्क देण्याचा करार कलम ५७ च्या अधीन राहूनच वाचला पाहिजे. कादंबरीचा चित्रपट होताना माध्यमाच्या गरजेपोटी बदल होणारच, ते लेखकाला सोसावे लागतात. पण त्या सवलतीच्या आडून मूळ कृतीचे रूपच पालटून टाकायचे आणि वर लेखकाचे नाव तसेच ठेवायचे, हे चालणार नाही. मला ही रेषा न्याय्य वाटते. दिग्दर्शकाला त्याचे काम करण्यापुरती मोकळीक मिळते आणि लेखकाच्या नावावर नको ते खपत नाही.

आता मर्यादांविषयी, कारण त्या न सांगता हे हक्क अभंग असल्याचा भास निर्माण करणे नवोदितांना महागात पडेल. पहिली मर्यादा अशी की लेखकाला वाईट वाटले एवढे पुरत नाही. १९९४ च्या दुरुस्तीनंतर सन्मानाला किंवा लौकिकाला बाध येतो हे दाखवावे लागते, आणि तो निर्णय न्यायालय करते. शुद्धलेखन सुधारले, परिच्छेद तोडले, एखादे उपशीर्षक घातले, तर ते संपादन आहे. अनुवादात मूळ पुस्तकात नसलेले मत घुसवले, किंवा चित्र कापून त्यावर जाहिरात छापली, तर प्रकरण वेगळे होते. कृती प्रदर्शितच केली नाही, किंवा लेखकाच्या मनासारखी प्रदर्शित केली नाही, तर तो भंग ठरत नाही, असे कलमातच म्हटले आहे.

दुसरी मर्यादा मला स्वतःला खटकते. प्रगती मैदानावरील 'हॉल ऑफ नेशन्स' ही राज रेवल यांनी आखलेली इमारत १९७२ च्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यासाठी उभी राहिली होती आणि एप्रिल २०१७ मध्ये ती पाडण्यात आली. रेवल यांनी दावा केला. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. कृती पूर्णच नाहीशी झाली तर ती कोणाला दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याने वास्तुविशारदाच्या लौकिकाला बाध कसा येईल, असा निकालाचा रोख होता. जमिनीच्या मालकाचा मालमत्तेचा हक्क इथे वरचढ ठरला. निरुपयोगी झालेली इमारत मालकाला कधीच पाडता येऊ नये, असे मीही म्हणणार नाही. पण या तर्काचा परिणाम असा होतो की इमारतीचा एक कोपरा विद्रूप केला तर वास्तुविशारद न्यायालयात जाऊ शकतो आणि अख्खी जमीनदोस्त केली तर त्याच्याकडे काहीच उरत नाही. सहगल निकालातली भूमिका मला यापेक्षा सुसंगत वाटते. निदान पाडण्याआधी निर्मात्याला कळवणे, नोंदी व छायाचित्रे घेऊ देणे, आणि सुटी करता येण्यासारखी कृती असल्यास ती परत नेण्याची संधी देणे, एवढे बंधन मालकावर असायला हवे.

तिसरी मर्यादा करारातच लपलेली असते. हे हक्क सोडून देता येतात का, याबद्दल कलम ५७ गप्प आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका चित्रपटाच्या प्रकरणात म्हटले की श्रेयनामावलीतले नाव स्वेच्छेने सोडले असेल तर ते सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नाही. त्यामुळे हल्ली तयार करारांच्या शेवटच्या पानांवर 'लेखक आपल्या सर्व नैतिक हक्कांचा त्याग करत आहे' असे एक वाक्य बेमालूम बसवलेले आढळते. माझा आक्षेप या वाक्याला आहे. भूतलेखन करणारा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर छापले जाणार हे जाणून लिहिणारा, आपले नाव सोडतो तेव्हा ती त्याची खरी निवड असते. पण पहिले पुस्तक हाती घेतलेल्या अनुवादकाकडून छापील नमुन्यात सही घेतली, तर तिला स्वेच्छा म्हणायला मी तयार नाही.

हे हक्क लेखकाच्या मृत्यूने संपत नाहीत, हेही सांगायला हवे. २०१२ च्या दुरुस्तीआधी कृतीच्या विकृतीविरुद्धची तक्रार कॉपीराइटच्या मुदतीपुरतीच करता येत असे, आणि कर्तृत्वाचा दावा वारसांना करता येत नव्हता. ते दोन्ही अडसर आता काढले आहेत. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो, नैतिक हक्काला मात्र कलमात अशी मुदत नाही. व्यवहारात अडचण उरते ती वारसांची: तीन-चार पिढ्यांनंतर दाद मागणारे कोणी असेलच असे नाही.

म्हणून करार हाती येतो तेव्हा मी पुढील गोष्टी लिहून घ्यायला सांगते. नाव मुखपृष्ठावर, आतल्या शीर्षकपानावर आणि ई-आवृत्तीतही येईल. अंतिम मुद्रित दाखवल्याशिवाय छपाई होणार नाही. मजकुरात आशय बदलणारा फेरफार लेखी संमतीशिवाय होणार नाही, आणि मतभेद मिटला नाही तर नाव मागे घेण्याची मुभा राहील. मूळ चित्रे परत मिळतील. नैतिक हक्कांच्या त्यागाचे वाक्य असेल तर ते खोडून दोन्ही पक्षांनी त्यावर सही करावी. दिलेल्या हस्तलिखिताची तारखेसह प्रत आणि तपासलेली मुद्रिते आपल्याकडे ठेवावीत, कारण उद्या फेरफार झाला हे सिद्ध करायची वेळ आली तर पाठवलेला मजकूर आणि छापलेला मजकूर शेजारी ठेवूनच ते दाखवता येते.