एकच मास्टहेड सगळीकडे लहान करून लावता येत नाही

“आता पेपर कुणी हातात घेत नाही. जुनं मास्टहेड टाकून द्या. बारीक, साध्या अक्षरांचा एकच लोगो करा आणि तोच अंकावर, वेबसाइटवर, फेसबुकवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला जसाच्या तसा लहान करून लावा. मागे लाल चौकट द्या, लोक रंगावरूनच ओळखतात. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये पाच मिनिटांत होतं.”

हा संदेश गेले काही आठवडे खान्देशातल्या पत्रकारांच्या गटांमध्ये फिरतो आहे. माझा मावसभाऊ अमळनेर तालुक्यात साप्ताहिक चालवतो आणि त्याने हा सल्ला तंतोतंत पाळला. पुढच्याच अंकात त्याचा परिणाम दिसला, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सर्वांत मोठी चूक ‘जसाच्या तसा’ या शब्दांत आहे. भावाचे मास्टहेड, म्हणजे पहिल्या पानाच्या माथ्यावरची नावाची पट्टी, अंकावर साधारण २५ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या पाचपट आहे. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे चिन्ह १६ बाय १६ पिक्सेलच्या चौरसात बसते. ही पट्टी त्या चौरसात पूर्ण रुंदीने बसवली तर उंचीला जेमतेम तीन पिक्सेल उरतात. एक पिक्सेल शिरोरेषेने घेतला आणि एक वरच्या मात्रा-वेलांटीला दिला, तर अख्ख्या अक्षराच्या अंगाला एकच पिक्सेल राहतो, आणि त्यात कोणतेही अक्षर काढता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीतला गोल डीपी सुमारे ८ मिलिमीटरचा धरला तरी त्यात ही पट्टी दीड मिलिमीटरच्या आसपास उंच येते. अंकातला बातमीचा मजकूर ९ पॉइंटचा असेल तर त्याची उंची ३ मिलिमीटरहून थोडी जास्त असते. म्हणजे वृत्तपत्राचे नाव त्याच्याच बातमीच्या निम्म्या उंचीत दिसणार. रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांना वर-खाली काही जोडलेले नसते, म्हणून ती थोडी अधिक लहान होऊ शकतात. देवनागरीत मात्रा, रफार आणि उकार अक्षराच्या वाट्याची उंची आधीच खाऊन टाकतात. इंग्रजी पत्रांचे पाहून दिलेला हा सल्ला इथे दुपटीने फसतो तो याच कारणाने.

त्यामुळे चिन्हासाठी एकच अक्षर घ्यावे लागते आणि तेही त्या मापासाठी नव्याने रेखाटावे लागते. भावाच्या पत्राचे नाव ‘खान्देश’ या शब्दाने सुरू होते. त्याने मास्टहेडमधला ‘खा’ कापला, लहान केला आणि डीपीला लावला. गावाकडच्या आमच्या मोठ्या काकांनी तो मोबाइल हातात घेऊन विचारले, “हाई रव काय शे भो?” त्यांची नजर उत्तम आहे. चूक अक्षराच्या रेखाटनाची होती. ख मध्ये रकाराचा पाय खालून वकाराच्या पोटाला जाऊन मिळतो, आणि तो जोड बारीक असला की लहान मापात पुसला जातो. मग ख चा ‘रव’ होतो आणि काना धरला तर ‘रवा’.

आम्ही ते अक्षर १६ चौकटींच्या कागदावर पुन्हा काढले. आडव्या दिशेने ख चे पाच भाग होतात: रकाराचा पाय, मोकळी जागा, वकाराच्या पोटाची कड, पोटातली पोकळी आणि शेवटचा दंड. प्रत्येकाला दोन चौकटी दिल्या की दहा होतात. कान्यासाठी आणखी चार लागतात आणि मग दोन्ही बाजूंना एकेकच चौकट उरते, रकाराच्या वळणाला जागाच राहत नाही. म्हणून काना सोडला आणि नुसता ख घेतला. खालचा जोड दोन चौकटी जाड केला आणि शिरोरेषाही दोन चौकटींची ठेवली. तिच्या वरच्या-खालच्या कडा चौकटींच्या रेघांवर नेमक्या बसवल्या, कारण ती अर्ध्या चौकटीने जरी सरकली तरी पडद्यावर काळ्या रेघेच्या जागी करडा पट्टा दिसतो. तपासणी सोपी आहे. चित्र मोठे करून पाहू नये. ते खऱ्या मापात पांढऱ्या आणि काळ्या अशा दोन्ही पार्श्वभूमींवर लावावे आणि ज्याने मूळ नाव पाहिलेले नाही अशा माणसाला हे कोणते अक्षर आहे एवढेच विचारावे.

फोनवर वेबसाइटचे चिन्ह कधी गोल, कधी चौरस कापले जाते. अशा कापल्या जाणाऱ्या चिन्हासाठी वेब अ‍ॅपच्या मानकाने सुरक्षित भाग ठरवून दिला आहे: मधले वर्तुळ, ज्याचा व्यास चित्राच्या रुंदीच्या ८० टक्के असतो. ५१२ पिक्सेलच्या चित्रात अक्षर मधल्या ४०९ पिक्सेलच्या वर्तुळात बसले पाहिजे, नाहीतर शिरोरेषेची टोके छाटली जातात.

जुने मास्टहेड टाकून देण्याच्या सल्ल्याला उत्तर म्हणून ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे उदाहरण पुरेसे आहे. त्यांच्या अंकावर आजही तीच वळणदार गॉथिक अक्षरे आहेत. १९६७ मध्ये त्यांनी नावाच्या शेवटचा पूर्णविराम काढला, अक्षरांचे वळण मात्र कायम ठेवले. फोनवरच्या चिन्हात पूर्ण नाव कोंबलेले नाही, त्याच वळणाचा एकटा ‘टी’ आहे. अंकावरचे नाव डोळ्यांत बसलेले असल्यामुळे एकटे अक्षर ओळखू येते. भावाच्या जुन्या मास्टहेडमध्ये शिरोरेषेचे डावे टोक बोरूच्या कापासारखे तिरके होते. तो काप आम्ही अंकावर, वेबसाइटच्या माथ्यावर आणि चिन्हातही राखला. वेबसाइटच्या माथ्यावर घोषवाक्य, वर्ष-अंक आणि किंमत काढून नुसते नाव एका ओळीत घेतले. म्हणजे रेखाटने तीन झाली, पण हात एकाच माणसाचा दिसतो.

रंगाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागते. ओळखीचा रंग डोळा आधी टिपतो. पण मराठी पत्रांत लाल इतका सर्रास आहे की स्टँडवरच्या स्टॉलला घडी घालून टांगलेल्या अंकांत तो कुणालाच वेगळे काढत नाही. छपाईत नुकसान याहून मोठे होते. चार रंगांच्या छपाईत लाल रंग मॅजेन्टा आणि पिवळ्या शाईने मिळून बनतो. दोन प्लेटी केसभर जरी सरकल्या तरी लाल चौकटीतल्या पांढऱ्या अक्षरांना एका बाजूने गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने पिवळी कड येते. शिवाय वृत्तपत्राचा कागद शाई पितो आणि ती कडेने पसरते, त्यामुळे बारीक पांढऱ्या रेघा बुजतात. भावाच्या त्या अंकात ‘न्दे’ मधला अर्धा न पूर्ण बुजला होता आणि नाव ‘खादेश’ असे वाचले जात होते. आता अंकावरचे नाव फक्त काळ्या शाईत जाते. एकच प्लेट असल्याने सरकण्याचा प्रश्न राहत नाही, आणि लाल रंग चिन्हाच्या पार्श्वभूमीपुरता ठेवला आहे.

पाच मिनिटांच्या अ‍ॅपबद्दल थोडक्यात सांगतो. तिथली तयार चौकट शेजारच्या तालुक्यातले पत्रही उचलू शकते. तिथून निघालेले जेपीजी व्हॉट्सअ‍ॅपवरून प्रेसला पाठवले की ते आणखी दाबले जाते आणि अक्षरांच्या कडा फुटतात. नाव कोरलमध्ये काढून, Ctrl+Q ने कर्व्ह करून, मूळ फाइलच प्रेसला द्यावी. वेबसाइटवरही तेच रेखाटन एसव्हीजी म्हणून लावावे, टाइप केलेला मजकूर म्हणून नव्हे. टाइप केलेल्या नावातले ल आणि श वाचकाच्या फोनमधल्या फाँटप्रमाणे हिंदी वळणाचे दिसू शकतात. पानाला lang="mr" लावले तरी ज्या फाँटमध्ये मराठी वळणाची सोय आहे तिथेच ते सुधारतात, आणि ‘खान्देश’च्या शेवटी श आहेच.