कोडवरचं नाव आणि कोडमधला पत्ता

“दुकानात ज्या कंपनीचा कोड, त्याच कंपनीचं वॉलेट ग्राहकाकडे हवं.”

दुकानांतल्या क्यूआर कोडवरच्या एका लेखातलं हे वाक्य आता खरं नाही. माझ्या किराणा दुकानात एकच कोड आहे आणि गिऱ्हाइकं वेगवेगळ्या ॲप्सनी पैसे देतात. तो कोड साध्या स्कॅनरने वाचून बघा, `upi://pay?pa=` ने सुरू होणारी ओळ दिसेल. `pa=` नंतर माझा यूपीआय पत्ता असतो. @ च्या पुढचा भाग पाहून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयला कळतं की पैसे कुठे पाठवायचे. गिऱ्हाइकाचं ॲप कुठलं, याने काही फरक पडत नाही.

खरी अडचण त्या लेखात आलीच नाही, ती म्हणजे केवायसी. पूर्ण केवायसी झालेल्या वॉलेटमधूनच दुसऱ्या कंपनीच्या कोडवर पैसे जातात. परवा एका मुलाच्या वॉलेटमध्ये ४०० रुपये होते, तरी १८० चं बिल भरेना. केवायसी अर्धवट होतं. शेवटी त्याच ॲपमधून त्याने बँक खातं निवडलं, आणि माझा स्पीकर लगेच बोलला. कोडला नावं ठेवण्याआधी ॲपमध्ये केवायसी तेवढं तपासा.