पन्नास टक्के कमिशन, पण कशावर? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "मागच्या लेखात तुम्ही नव्या ट्रेनरांना फिक्स पगाराला आधी बघा म्हणालात. हे पटलं नाही. माझा भाऊ पुण्यात ५० टक्क्यांवर काम करतो आणि उत्तम कमावतो. ३० टक्क्यांवर राबणारा ट्रेनर म्हणजे जिममालकाचा गडी. मराठवाड्याच्या पोरांना आधीच आत्मविश्वास कमी, त्यात तुम्ही त्यांना अजून भित्रं करताय."

नमस्कार दादा. तुमच्या भावाची कमाई खरी आहे, त्याबद्दल वादच नाही. पण त्याचा हिशोब जालन्याहून संभाजीनगरला आलेल्या पोराला लागू पडत नाही.

गेल्या वर्षी एक मुलगा दोन ऑफर घेऊन माझ्याकडे आला होता. सिडकोतली जिम ९,००० फिक्स आणि पर्सनल ट्रेनिंगच्या, म्हणजे पीटीच्या पैशात ५० टक्के देणार होती. गारखेड्यातली १५,००० फिक्स आणि ३० टक्के. दोन्हीकडे पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज एकच, महिन्याला १२ सेशनचे ६,००० रुपये. वहीवर मांडलं तर महिन्याचा पीटीचा गल्ला ३०,००० झाला की दोन्ही ऑफर सारख्या होतात. म्हणजे पाच क्लायंट. त्याखाली गारखेडा बरं, त्यावर सिडको.

आता पाच क्लायंट व्हायला किती दिवस लागतात? नव्या ट्रेनरला कुणी ओळखत नाही. पहिल्या महिन्यात शून्य, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन धरा. मी पाहिलेल्या बहुतेक पोरांचं असंच झालं. तीन महिन्यांत सिडकोत ३६,००० हातात येतात आणि गारखेड्यात ५०,४००. पुढे आठ क्लायंट झाले तर सिडको महिन्याला ३,६०० जास्त देते, पण मागे पडलेले १४,४०० भरून काढायलाच चार महिने जातात. आणि तेवढ्यात खोलीचं भाडं थांबत नाही.

पुण्यात हेच पॅकेज १२,००० ला विकलं जात असेल, तर तोच टप्पा अडीच क्लायंटवर येतो. टक्का तोच असला तरी पॅकेजच्या भावाने सगळं गणित बदलतं. शिवाय वेळेला मर्यादा आहे. आपल्याकडे लोकांना सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ एवढाच वेळ हवा असतो. म्हणजे दिवसाला सहा तासिका. आठवड्यातून तीन दिवस येणारे क्लायंट एकाआड एक बसवले तरी बारांच्या वर जाता येत नाही. मधल्या वेळेत जिम ओस पडलेली असते.

गड्याचं म्हणालात, ते मात्र मला लागलं. कारण ५० टक्क्यांवर मी स्वतः राबलो आहे. एका क्लायंटने तीन महिन्यांचे १८,००० एकरकमी भरले, ३६ सेशन. मला वाटलं, माझे ९,००० पक्के. पगाराच्या दिवशी हातात आले १,२५०. कमिशन भरलेल्या पैशांवर नव्हतंच, कार्डावर क्लायंटने सही केलेल्या सेशनवर होतं, आणि तो त्या महिन्यात बराच काळ लग्नसराईत गावाकडे असल्यामुळे पाचच वेळा आला होता. तीन महिने संपले तेव्हा १४ सेशन उरले होते आणि कार्डाची मुदत गेली. त्या सेशनचे ७,००० पूर्ण जिमकडे राहिले. त्यांच्या बाजूने तो नियम होता, पण नोकरीला लागताना मला कुणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. तेव्हापासून प्रत्येकाला हेच सांगतो: टक्का विचारण्याआधी तो कशावर मोजतात ते विचारा. भरलेल्या पैशांवर की झालेल्या सेशनवर, जीएसटी काढून की धरून, मुदत गेलेल्या सेशनमध्ये ट्रेनरचा वाटा आहे की नाही, आणि नोकरी सोडली तर उरलेल्यांचं काय. हे कागदावर लिहून मागा, निदान व्हॉट्सॲपवर तरी.

आणि मालकाच्या बोलण्यावर न जाता जिम स्वतः बघा. एक दिवसाचा पास काढून संध्याकाळी ७ वाजता जा आणि पाऊण तास व्यायाम करा. किती जणांसोबत ट्रेनर उभा आहे ते मोजा. फ्लोअरवर पाच ट्रेनर आणि पीटीवाले चारच दिसले, तर तुमच्या वाट्याला कोण येणार? नवा माणूस चौकशीला आला की त्याला कोणता ट्रेनर भेटतो, तेही बघा. काही ठिकाणी जुनाच ट्रेनर सगळे चांगले क्लायंट ठेवून घेतो.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. दोन-तीन वर्षं काढलेला, ज्याच्या मागे क्लायंट जिम बदलतात असा ट्रेनर ३० टक्क्यांवर राहिला, तर तो स्वतःचं नुकसान करतो. त्याने ५० मागावेत. आणि "सोडल्यावर वर्षभर जवळच्या जिममध्ये काम करणार नाही" असं लिहून घेतलंय म्हणून अडून राहू नये. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही. मूळ सर्टिफिकेट मात्र कुणाच्याही कपाटात ठेवू नका, झेरॉक्स द्या.

तुमच्या भावाला एकदा विचाराल का, पहिल्या तीन महिन्यांत त्याच्याकडे किती क्लायंट होते आणि घरून किती पैसे मागवले? आकडे कळवलेत तर वरच्या हिशोबात घालून बघतो.