रुमालाखालचा व्यवहार

माझ्या हेल्मेटला जवसाच्या चटणीचा वास येतोय. आतली गादी दोनदा शाम्पूने धुतली, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली, तरी जात नाही. याला कारण निपाणी.

गेल्या रविवारी तिथं एक जुनी स्पोर्ट्स बाईक बघायला गेलो होतो. ३९० सीसी, फेअरिंगवाली म्हणजे अंगावर प्लास्टिकचं कवच असलेली, ९,२०० किलोमीटर चाललेली, किंमत १ लाख ३५ हजार. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘सिंगल ओनर, फक्त रविवारी चालवलेली.’ चाळिशी उलटलेल्या माणसाला ही गाडी कशाला, हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे, तुम्ही परत विचारू नका. येताना गाडीवरूनच यायचं अशी खात्री असल्यामुळे बेळगावच्या टिळकवाडीतून फक्त हेल्मेट घेऊन निघालो आणि बस धरली.

गाडीवाला पंचविशीचा पोरगा. त्याने पहिलंच वाक्य टाकलं, “या काका.” तिथंच माझे दहा हजार रुपये कमी झाले, म्हणजे माझ्या मनातले.

गाडी मात्र अशी चकाकत होती की फेअरिंगमध्ये माझं टक्कल स्पष्ट दिसलं. फोनवर मी बजावून सांगितलं होतं, इंजिन थंड ठेव, पहिल्यांदा माझ्यासमोर सुरू करू. थंड इंजिन कसं उठतं, धूर येतो का, वरून टकटक ऐकू येते का, हे पहिल्या मिनिटातच कळतं. एकदा गरम झालं की इंजिनसुद्धा पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागतं. मी इंजिनच्या कव्हरला हात लावला आणि चटका बसला.

“तुम्ही लांबून येणार म्हणून गरम करून ठेवली, काका,” तो म्हणाला. चहाबद्दल बोलावं तसं. चहा मात्र शेवटपर्यंत आला नाही.

मला पहिली शंका आली ती गाडीच्या देखणेपणाची. ९,२०० किलोमीटर गेलेल्या गाडीच्या प्लास्टिकवर एक ओरखडा नाही! आमच्याकडे उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढताना आठ दिवसांत नव्या स्कूटरचा रंग जातो. फेअरिंगचे बोल्ट बघितले, तर अॅलन की घालायची षटकोनी खाच झिजून गोल झालेली. शर्ट कडक इस्त्रीचा आणि काजं पार फाटलेली. म्हणजे ही फेअरिंग पुन्हा पुन्हा काढलेली, घातलेली. कोण काढतं एवढ्यांदा?

गुडघे टेकून खाली वाकलो तेव्हा उत्तर सापडलं. इंजिन ऑइल सोडायच्या बोल्टच्या डोक्यात आरपार एक बारीक भोक होतं. रस्त्यावरच्या गाडीला त्याची काही गरज नसते. रेसच्या ट्रॅकवर मात्र त्या भोकातून स्टीलची तार ओवून बोल्ट बांधून टाकतात, कारण बोल्ट सुटून एकाचं ऑइल सांडलं तर मागून येणारे एकापाठोपाठ एक घसरतात. ऑइल फिल्टरच्या झाकणाच्या बोल्टलाही तसंच भोक होतं. तारा काढून टाकल्या होत्या, पण भोकं बुजवणार कशी?

‘फक्त रविवारी!’ पोरगा खोटं बोललाच नव्हता. रविवारी गाडी ट्रॅकवर जायची. कंपनीची फेअरिंग उतरवून घरात जपून ठेवायची, तिच्या जागी स्वस्तातली फायबरची चढवायची, ती आपटायची, घासायची आणि विकायच्या आधी मूळ कपडे परत अंगावर. पडली ती गाडी, प्लास्टिक नव्हे.

ट्रॅकवर चालवणं हा काही गुन्हा नाही. तिथली काही पोरं ऑइल आपल्यापेक्षा वेळेवर बदलतात. पण मग तसं सांगा ना! मी कूलंटच्या डब्याकडे बघितलं. आत हिरवं नाही, निळं नाही, कसलाच रंग नाही. बऱ्याच ट्रॅकवर कूलंट चालत नाही, सांडलं तर ते बुळबुळीत राहतं आणि लवकर वाळत नाही, म्हणून रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरतात. ट्रॅकवरून आल्यावर ते काढायचं असतं. महिनोन्महिने राहिलं तर आतून गंज धरतो, क्षार साचतात. मी विचारलं, “यात पाणी आहे का?”

“आरओचं आहे, काका. साधं नाही.”

इथं मामा आले. म्हणजे ते आधीपासूनच समोरच्या कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते. आता त्यांनी बसल्या जागेवरून कारभार हातात घेतला. हे पूर्वी बैलांचे हेडी. उभी हयात जनावरांच्या बाजारात गेली, आता गुडघे गेल्यामुळे गल्लीत जे काही विकलं जातं त्यात तोंड घालतात. सायकल, फ्रीज, गेल्या महिन्यात म्हणे एका स्थळाच्या बोलणीतसुद्धा.

“पावणं, दात बगितलासा काय?”

मला वाटलं चेष्टा करतायत. पण योगायोगाने मी त्या वेळी मागच्या चक्रीपाशीच होतो. चक्रीच्या अगदी मागच्या टोकाला चेनची एक कडी चिमटीत धरून मागे ओढायची. चेन चांगली असेल तर ती जागची फारशी हलत नाही. इथं कडी दाताच्या अर्ध्यापर्यंत उचलली गेली आणि मधून पलीकडची भिंत दिसायला लागली. चक्रीचे दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झालेले. चाक फिरवलं तर चेन एका जागी ताणलेली, दुसऱ्या जागी लोंबती. तेल, साफसफाई, ताण, कशाचाच पत्ता नाही.

“झिजलेत, मामा.”

“मग म्हातारं हाय. पर शिंगं बगा कशी तासून तेल लावल्यात!” हे फेअरिंगबद्दल होतं. माणूस बरोबर बोलत होता, हीच तर पंचाईत.

“आता मान बगा. मान दोनी अंगानं सारकी वळाय पायजे.”

मान मी बघणारच होतो, पण आता ती मामांच्या हुकमावरून बघितल्यासारखी झाली. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, खण्ण करून थांबलं. मूठ आणि टाकीमध्ये माझी बोटं आरामात मावली. उजवीकडे वळवलं तर थांबायच्या जागी थांबलंच नाही, आणखी थोडं गेलं आणि माझा अंगठा टाकीला चेमटला.

हँडल टाकीवर आदळू नये म्हणून मानेपाशी धातूचा एक लहानसा उंचवटा असतो, स्टॉपर. उभी गाडी स्टँडवरून कलंडली तर मूठ, लिव्हरचं टोक आणि फूटपेग घासतात, बाकी सहसा फारसं काही होत नाही. पण वेगात पडून गाडी कोलांट्या खाते तेव्हा हँडल झटक्यात एका टोकाला जातं आणि सगळा मार त्या स्टॉपरवर बसतो. मी मोबाइलची बॅटरी मारून आत बघितलं. उजवीकडचा स्टॉपर चेपून सपाट झाला होता आणि त्यावर काळा रंग इतका जाड फासला होता की ब्रशचा एक केस त्यात अडकून वाळला होता. तो केस मला अजून डोळ्यासमोर दिसतो.

हँडल नुसतं वाकडं असतं तर मी घाबरलो नसतो. पुढचे शॉकअप कधीकधी क्लॅम्पमध्येच थोडे फिरतात, बोल्ट सैल करून सरळ करता येतात. उद्यमबागेतला माझा मिस्त्री तासाभरात करून देतो. स्टॉपर चेपला म्हणजे शॉकअपचे पाइप, मानेची बेअरिंग आणि खुद्द फ्रेम, सगळ्यांवर संशय. आणि फ्रेम काही टायरसारखी बदलायची वस्तू नाही, चासी नंबर तिच्यावरच असतो.

मी नाही म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात पोरगा आरसी आणायला आत गेला आणि मामा उठले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी माझ्या उजव्या हातावर टाकला, खालून हात घातला आणि माझी बोटं दाबायला सुरुवात केली.

बैलबाजारात भाव असाच ठरतो, चारचौघांना ऐकू जाऊ नये म्हणून रुमालाखाली बोटांनी, हे मी ऐकून होतो. पण बेळगावच्या कापडबाजारात वाढलेल्या माणसाला त्यातलं काय कळणार? त्यांनी एक बोट दाबलं. मी चेहरा गंभीर केला. मग पंजा धरला, सोडला, परत धरला. त्यांच्या बोटातली तांब्याची अंगठी माझ्या चेमटलेल्या अंगठ्यात रुतली म्हणून मी कळवळून त्यांचा हात घट्ट आवळला.

“ठरलं!” मामांनी रुमाल झटकला. “एक लाख धा!”

“काय ठरलं?”

“तुमीच दाबलासा की, पावणं.”

“अहो, मला दुखलं म्हणून दाबलं!”

“समद्यास्नी दुखतंयच. म्हणून कुनी शबूद मोडतंय व्हय?”

दोन मिनिटांत सात-आठ माणसं गोळा. एकाने मला समजावलं की इथं रुमालाखालचा शब्द कोर्टातही चालतो. पोरगा आरसी घेऊन आला, तर ती एमएच ०९, कोल्हापूरची, तीही भलत्याच नावावर. “मित्राची आहे, काका, माझीच समजा.” म्हणजे सिंगल ओनर खरंच होता, फक्त तो हा नव्हता. त्यात कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी, कर्नाटकातली नवी नोंदणी आणि पुन्हा इथला लाइफटाइम टॅक्स. आम्ही कुठल्या राज्यात असावं यावर १९५६ पासून भांडण चालू आहे, टॅक्स भरताना मात्र कुणालाच शंका नसते. आंदोलनात आमच्या काकांनी लाठ्या खाल्ल्या, आणि मी… असो. हे विनोदी लिहायचं ठरवलंय.

मी सरळ सांगितलं, फ्रेमला मार आहे, मला नको. पोरगा एवढंच म्हणाला, “पैसे नसतील तर तसं सांगायचं, काका.” गर्दीतला एक जण हसला. इंजिन गरम करून ठेवणारा हा, स्टॉपर रंगवणारा हा, पाणी भरणारा हा, आणि खाली मान घालून उभा कोण? मी!

मामांनी रुमाल माझ्यासमोर झोळीसारखा धरला. “शबूद मोडलासा. रुमालाचं दोनशे द्या.” मी दिले. का दिले, हे मला आजही सांगता येत नाही. नोटा खिशात घालून ते कानाशी येऊन हळूच म्हणाले, “बरं केलासा. मान मोडल्यालं जनावर कोन घेतंय?”

“मग मघाशीच बोलायचं ना!”

“माजा धंदा हाय त्यो.”

परतीच्या बसमध्ये हेल्मेट मांडीवर. कंडक्टरने आधी हेल्मेट बघितलं, मग मला बघितलं, मग तिकीट फाडलं. बोलला काही नाही, त्याचे उपकार. संकेश्वरला एक आजी शेजारी येऊन बसल्या. दोन पिशव्या, एक गाठोडं आणि वर्तमानपत्रात बांधलेला चटणीचा पुडा. पुडा कुठं ठेवावा म्हणून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि तो माझ्या हेल्मेटमध्ये ठेवून दिला.

“धर जरा, बाळा. मोकळंच हाय न्हवं?”

बेळगाव येईपर्यंत धरलं.